अकरा जणींचा एक धंदा

बचत गटातल्या बाईने धंदा करणे आणि बचत गटाने धंदा करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गटाकडून पाच-दहा हजार उचलून एखादीने शिलाई मशीन घेतले, तर मशीन तिचे, गिऱ्हाईक तिचे आणि नफा-तोटाही तिचाच. तिने हप्ता आणि व्याज वेळेवर भरले की गटाचे काम झाले. सगळ्या जणींनी मिळून एकच धंदा धरला, की माल कोणी आणायचा, बाजारात कोणी बसायचे, कोणाचे हात किती तास राबले आणि माल अंगावर पडला तर भुर्दंड कोणी सोसायचा, हे सगळे प्रश्न एकदमच पुढे येतात. पहिल्या प्रकारात गट म्हणजे छोटी पतपेढी असते, दुसऱ्या प्रकारात तो भागीदारीचे दुकान होतो.

महाराष्ट्रातल्या बहुतेक गटांना पहिल्या प्रकाराची चांगली सवय आहे. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड हाच गटांच्या कामाचा कणा राहिला. पुढे २०११ पासून ‘उमेद’ अभियानाने याच सवयींना सूत्रांचे रूप दिले: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि वेळच्या वेळी हिशेब. दोन-तीन वर्षे हे नीट चालले की बँकेचे कर्ज मिळू लागते आणि मग कोणीतरी म्हणतेच, ‘आता गटानं काहीतरी धंदा काढावा.’ इथून पुढचा रस्ता सवयीचा नसतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातील एका गटाची गाडी याच जागी अडली होती. गटात अकरा सदस्य. दरमहा प्रत्येकी १०० रुपये याप्रमाणे दोन वर्षांत २६,४०० रुपये जमलेले, आणि त्यातले बरेचसे सदस्यांकडेच कर्जाऊ गेलेले. धंदा कोणता, यावर तीन बैठका झाल्या आणि तिन्ही वेळा निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. चौथ्या बैठकीला गटाने जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना बोलावले. त्यांनी तासाभराचे भाषण केले. ते भाषण कमी आणि फळ्यावरची आकडेमोड जास्त, असेच होते. धंदा निवडण्याची जी रीत त्यांनी मांडली, ती कोणत्याही गटाला वापरता येईल अशी असल्याने तिची फोड करून पाहणे उपयोगाचे आहे.

बाईंनी आधी सगळ्यांच्या मनातले धंदे फळ्यावर उतरवून घेतले. शेळ्या, पापड-कुरडई, शिलाई, कडक भाकरी आणि शेंगा चटणी, अशी पाच नावे आली. कोणत्या धंद्यात नफा जास्त, हा नेहमीचा प्रश्न त्यांनी सुरुवातीला विचारलाच नाही. त्यांनी विचारले ते एवढेच: ‘हे काम एकटीनं केलं आणि अकरा जणींनी मिळून केलं, तर फरक काय पडतो?’

हा प्रश्न लावल्यावर फळ्यावरची दोन नावे लगेच निसटली. शेळीपालन या भागात नवीन नाही. उस्मानाबादी शेळी इथल्या कोरड्या हवेत आणि काटक्याकुटक्यांच्या चाऱ्यावर टिकते, आणि बायकांना तिची देखभाल पाठ असते. पण गटाच्या नावावर घेतलेली शेळी शेवटी कोणाच्या तरी एकीच्या दारातच बांधावी लागते. चारापाणी तिने करायचे, रात्री-अपरात्री उठायचे तिने, आणि करडे विकल्यावर पैसा मात्र अकरा वाट्यांत जायचा. शेळी मेली तर ती गटाची मेली की देखभाल करणारीच्या हलगर्जीने मेली, यावरून भांडण ठरलेले. शिवाय शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, आणि करडू विकण्याजोगे व्हायला आणखी सहा-आठ महिने लागतात. म्हणजे पैसा सुमारे वर्षभर अडकून पडतो. एक सदस्य तरी म्हणालीच, ‘पण बाई, शेरडं म्हंजे चालती बँक की!’ बाईंनी ते मान्य केले आणि त्याच वाक्याला धरून उत्तर दिले: बँक आहे ना, मग ज्याची त्याची वेगळी असू द्या. ज्या दोघी-तिघींना शेळ्या हव्यात त्यांनी गटाकडून कर्ज घ्यावे. शिलाईचेही तसेच. मशीनवर एका वेळी एकच बाई बसते आणि गिऱ्हाईक तिच्या हाताच्या मापावर विश्वास ठेवून येते. अकरा जणी एकत्र आल्याने ब्लाउज स्वस्तात शिवून होत नाही.

एकत्र येण्याचा फायदा तीन ठिकाणी मिळतो. कच्चा माल पोत्याने घेतला की किलोमागे काही रुपये वाचतात. एखादे काम इतके वेळखाऊ असते की एकटीने करायचे तर आठवडा जाईल, तेच सहा जणी बसल्या तर सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत आटोपते. आणि दर आठवड्याला ठरावीक वजनाचा, त्याच चवीचा माल देता आला, तर दुकानदार गटाला दारात उभे करतो. एकटी बाई आजारी पडली की तिचा पुरवठा तुटतो. या तीनपैकी एकही फायदा ज्या धंद्यात दिसत नाही, तो गटाने धरू नये, असे बाईंचे सरळ मत होते. ते थोडे कडक वाटते, पण गटांचे बंद पडलेले उद्योग पाहिले तर त्यांचेच म्हणणे खरे ठरते.

पापड-कुरडई या कसोटीला उतरते. तिथे अडचण निराळी होती. वाळवणाचे काम उन्हावर चालते आणि आषाढ-श्रावणात ते थांबते. याचा सगळ्यांत प्रसिद्ध दाखला मुंबईचाच आहे. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तोच पुढे लिज्जतचा उद्योग झाला. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांचे काम चार महिने बंद राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटता ठेवायचा. अडचणीवर उपाय निघाला, पण त्यांना तो सुचेपर्यंत एक अख्खा पावसाळा वाया गेला होता. बाईंनी लिज्जतची आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ‘एकच धंदा’ म्हणजे काय हे समजायला ती जास्त कामाची आहे. सुरुवातीला त्या बायका दोन प्रतींचे पापड करत, चांगले आणि त्याहून हलके, म्हणजे हलके स्वस्तात विकता येतील. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी त्यांना एकच प्रत ठेवायला आणि हिशेब चोख लिहायला सांगितले. एकच धंदा म्हणजे एकच पदार्थ आणि त्या पदार्थाची एकच प्रत. गटाने चटणी, पापड, लोणचे आणि मसाला असे चारही एकदम काढले, तर चार प्रकारचा कच्चा माल, चार प्रकारच्या पिशव्या आणि चार चवी सांभाळाव्या लागतात. पैसा चौघांत विखुरतो आणि एकाही पदार्थाला हात बसत नाही.

आता फळ्यावर कडक भाकरी आणि शेंगा चटणी उरली. सोलापूरच्या बाजारात ही जोडी एकमेकींच्या सोबतीनेच विकली जाते, त्यामुळे निवड अवघड होती. कडक भाकरीला लागणारी ज्वारी तर घरचीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बाईंनी भाकरीचा हिशेब मांडला. बोलण्यापुरते भाव असे धरले: ज्वारी ५० रुपये किलो आणि दळण ८ रुपये. एका किलो पिठात पातळ अशा १६ भाकऱ्या होतात, म्हणजे भाकरीला पिठाचे साडेतीन-पावणेचार रुपये पडतात. जळण आणि पिशवी मिळून दोन रुपये. हात बसलेली बाई तासाला वीस भाकऱ्या थापते असे धरले आणि तिच्या तासाचे ४० रुपये मोजले, तर मजुरी भाकरीला दोन रुपये. एकूण साडेसात-पावणेआठ रुपये, आणि दहा रुपयांना विकली तर सव्वादोन-अडीच रुपये सुटतात.

कागदावर भाकरी चांगली दिसते. पण तिचे दोन अडथळे आकड्यांत दिसत नाहीत. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते गरम पाण्यात मळावे लागते आणि पीठ ताजेच लागते. दळून ठेवलेल्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडेला चिरते. अशी पातळ भाकरी न चिरता थापणे आणि मग मंद आचेवर ओलावा पूर्ण जाईपर्यंत ती कडक करणे, हे अकरांतल्या चौघींनाच नीट जमत होते. म्हणजे सात जणींनी बघत बसायचे किंवा चौघींनी सगळ्यांसाठी चुलीपुढे तापायचे. दुसरा अडथळा वाटेतला. गावात कडक भाकरी विकत कोण घेणार? घरोघरी भाकरी होतेच. गिऱ्हाईक पंढरपूर-सोलापूरचे, आणि एसटीच्या धक्क्यांत भाकरीचे तुकडे होतात. दहांत दोन तुटल्या तरी बहुतेक सगळा नफा गेला.

शेंगा चटणीत कामाचे तुकडे पाडता येतात. दाणे निवडणे, भाजणे, सालपट काढणे, लसूण सोलणे, कांडणे आणि पुड्या भरणे, यातले एकेक काम प्रत्येकीला येते, आणि साठीतली सदस्यही बसल्या जागी लसूण सोलू शकते. चटणी तुटत नाही. एक बाजार चुकला तर पुढच्या बाजाराला चालते. एवढे झाल्यावर बाईंनी गटाला चटणीचा भाव ठरवायला सांगितला, आणि भाषणातला खरा धडा इथे सुरू झाला.

गटाने दहा किलो दाण्यांचा घाणा धरून हिशेब सांगितला. दाणे १३० रुपयांनी १,३०० रुपये. एक किलो लसूण १५० रुपये. ८०० ग्रॅम तिखट २४० रुपये. मीठ-जिरे ८० रुपये. एकूण १,७७० रुपये. दहा किलो दाणे निवडून, भाजून, साले काढून झाले की पावणेनऊ किलोच्या आसपास उरतात; त्यात लसूण, तिखट, मीठ, जिरे मिळवून आणि उखळीला-परातीला चिकटलेले वजा करून साडेदहा किलो चटणी हाती येते. पाव किलोचे ४२ पुडे. म्हणजे पुड्याला ४२ रुपये खर्च, तो ६० रुपयांना विकला की १८ रुपये नफा. बायकांचे समाधान झाले.

बाईंनी त्याच बेरजेखाली आणखी ओळी लिहिल्या. भाजायला गॅस ८० रुपये. पिशवी आणि लेबल मिळून पुड्याला ४ रुपये, म्हणजे १६८ रुपये. बाजारात जाण्या-येण्याचे भाडे आणि बसायच्या जागेची पावती १५० रुपये. बेरीज २,१६८ रुपयांवर गेली. मग त्यांनी प्रत्येक कामाला लागणारे तास विचारून घेतले. निवडायला तीन, भाजायला तीन, साले काढून पाखडायला दोन, लसूण सोलायला तीन, कांडायला सहा आणि पुडे भरायला तीन, असे वीस तास झाले. बाजारात बसणारीचे आठ तास धरून अठ्ठावीस. या तासांचा गटाच्या हिशेबात मागमूस नव्हता. ६० रुपयांनी ४२ पुडे विकले तर २,५२० रुपये येतात. त्यातून २,१६८ वजा जाता उरतात ३५२. अठ्ठावीस तासांना ३५२ रुपये, म्हणजे तासाला साडेबारा रुपये.

‘खुरपायला गेलात तर याच्या तिप्पट मिळतात,’ बाई म्हणाल्या. ‘मग तुम्ही धंदा केला का फुकट राबलात?’

घरच्या हातांची किंमत शून्य धरणे हा महिला गटांच्या हिशेबातला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत महाग दोष आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो दिसत नाही, कारण गल्ल्यात रोख पैसा दिसतो आणि उत्साह असतो. पेरणी-काढणीचा हंगाम आला, शेतात मजुरी चांगली मिळू लागली, की एकेक बाई गटाच्या कामाला यायची थांबते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की बायकांत एकी नाही. खरे तर त्या अचूक हिशेब करत असतात. फक्त तो वहीत लिहिलेला नसतो.

मजुरी तासाला ४० रुपये धरली तर अठ्ठावीस तासांचे १,१२० रुपये होतात. एकूण खर्च ३,२८८ रुपये, पुड्याला सव्वाअठ्ठ्याहत्तर. ६० रुपयांचा भाव अठरा रुपये नफ्याचा नव्हता, अठरा रुपये तोट्याचा होता. भाव ९० ठेवला तर ३,७८० रुपये येतात. मजुरी दिल्यावरही ४९२ रुपये गटाकडे शिल्लक राहतात. आता खरा प्रश्न पुढे आला: आपल्या बाजारात पाव किलोच्या पुड्याला गिऱ्हाईक ९० रुपये देईल का? याचे उत्तर फळ्यावर मिळत नाही. त्यासाठी बाजारातल्या तीन-चार दुकानांतून तशीच चटणी विकत आणून, भाव आणि वजन पाहून आपल्या चटणीशी ताडून घ्यावी लागते. भाव ८० च्या वर जाणारच नसेल, तर कमी मजुरीवर राबण्याऐवजी कामाचे तास कमी करावेत किंवा धंदाच बदलावा, असे बाईंचे सांगणे होते. तास कुठे वाचतील हेही फळ्यावर दिसतच होते: कांडायला लागणारे सहा. तयार सोललेला लसूण महाग पडतो आणि भाव वर-खाली झाला की सगळा हिशेब डळमळतो. मिक्सरवर कांडण लवकर होते, पण मिक्सर दाणे तापवतो आणि त्यांचा बारीक लगदा करतो. सोलापुरी चटणीची ओळख असलेला भरडपणा आणि कांडताना हळूहळू सुटणारे तेल मग राहत नाही. कांडप यंत्राचा विचार करता येतो, तोही माल खपतो हे दिसल्यावर.

विकायचे कुठे, यावर पैसा किती दिवस अडकतो ते ठरते. आठवडी बाजारात विकले तर गुरुवारी घेतलेल्या दाण्यांचे पैसे रविवारी परत येतात. दोन-अडीच हजारांत धंदा फिरतो. दुकानदाराला दिले तर बाजारात बसण्याचे आठ तास आणि भाडे वाचते, पुड्याचा खर्च ६७ रुपयांवर येतो. दुकानदाराने ९० च्या भावावर वीस टक्के ठेवले, तरी गटाला ७२ मिळतात आणि पाच रुपये सुटतात. ऐकायला ठीक वाटते. पण दुकानदार महिन्याने पैसे देतो. त्या महिन्यात गटाला आणखी चार घाणे घालायचे असतात, म्हणजे मालाचेच दहा हजार रुपये बाहेर अडकलेले, आणि बायकांची मजुरी राहिली ती वेगळीच. नफा वहीत दिसत असताना दाणे आणायला पैसे नसणे, यानेच पुष्कळ छोटे धंदे बसतात. म्हणून पहिले काही महिने रोखीचा बाजारच बरा, आणि दुकानात द्यायचे झाले तर आधीच्या पुड्यांचे पैसे आल्याशिवाय पुढचे पुडे द्यायचे नाहीत, अशी अट बाईंनी सुचवली.

त्यानंतरचा भाग चटणी बिघडते कशी याचा होता. शेंगदाण्यात तेल भरपूर. हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते तेल खवट होते. ओलावा राहिला तर बुरशी धरते. ओलाव्याला दोन वाटा असतात. भाजलेले दाणे गरम असतानाच कांडले तर वाफ आत कोंडते. आणि कच्च्या लसणात पाणी असते. म्हणून दाणे पसरून पूर्ण गार करायचे आणि लसूण कोरड्या तव्यावर परतून घ्यायचा. दाणे भाजून झाले हे ओळखायची खूण सोपी आहे. दाणा दोन बोटांत चोळला की साल सुटते आणि आतला रंग बिस्किटासारखा असतो. तो तपकिरी झाला की कडवट चव येते आणि अख्खा घाणा वाया जातो.

निवडण्याच्या तीन तासांत मात्र काटकसर करायची नाही. सुरकुतलेले, काळपट आणि बुरशीचा वास येणारे दाणे काढलेच पाहिजेत. दाण्यांवर वाढणाऱ्या एका जातीच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने पुरते जात नाही. तिखट-लसणाच्या चवीखाली ते लपूनही जाते. म्हणजे खाणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि म्हणूनच जबाबदारी करणारीची. ओल्या जागी साठवलेला स्वस्त दाणा या कारणानेच घ्यायचा नसतो.

प्रत्येक घाण्यातला एक पुडा बाजूला ठेवायचा, त्यावर तारीख घालायची आणि पंधरा, तीस व पंचेचाळीस दिवसांनी फोडून वास-चव पाहायची, ही युक्ती बाईंनी सांगितली. पुडा किती दिवस टिकतो हे त्यातून स्वतःच्या मालावरून कळते, आणि पिशवीवर दुसऱ्या कोणाचे पाहून तीन महिने असे छापायची वेळ येत नाही. खाण्याचा पदार्थ विकायचा म्हणजे अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी लागते. घरगुती आकाराच्या उद्योगाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी चालते. पुड्यावर नोंदणी क्रमांक, घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख आणि करणाऱ्याचा पत्ता हवा. शेंगदाण्याची काहींना जबर ॲलर्जी असते, म्हणून तो असल्याचा वेगळा उल्लेखही करायचा.

कर्जाचा विषय बाईंनी मुद्दाम शेवटाकडे ठेवला होता. गटांच्या बैठकीत तो बहुधा पहिला येतो: अमुक योजनेत इतके मिळतात, मग कोणता धंदा दाखवू? सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० मध्ये सुरू केलेल्या योजनेत बचत गटांच्या सदस्यांसाठी प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद केली गेली. पण सदस्याच्या हाती ते कर्ज म्हणूनच येते, परत करायचे असते. अकरा जणींचे चार लाख चाळीस हजार होतात, आणि दर आठवड्याला दोन-अडीच हजारांत फिरणाऱ्या धंद्यात एवढा पैसा घातला तर यंत्रे येतील, गिऱ्हाईक येणार नाही. त्यामुळे गटाने स्वतःच्या बचतीतले ५,००० रुपये धंद्यासाठी वेगळे काढावेत, त्यांची वही वेगळी ठेवावी आणि ते बुडाले तर बचतीच्या बाकी पैशाला हात लावू नये, एवढीच मर्यादा त्यांनी घातली. बचतीची वही आणि धंद्याची वही एक झाली की कर्जाचा हप्ता चुकवणारी ‘धंद्यातून वळते करून घ्या’ म्हणते, आणि दोन्ही हिशेब एकमेकांत गुंततात.

वाटणीचा नियम धंदा सुरू व्हायच्या आधी लिहून काढायचा होता. अकरा समान वाटे ऐकायला न्यायाचे वाटतात, पण त्यात वीस तास राबलेली आणि एकदाही न आलेली सारख्याच ठरतात. बाईंनी दोन वेगळे प्रवाह सुचवले. मजुरी कामाप्रमाणे: तासांचे काम तासावर आणि निवडणे-सोलणे यासारखे काम वजनावर. लिज्जतमध्ये पापड लाटणाऱ्यांनाही वजनावरच मजुरी मिळते, आणि वजनावर वाद होत नाही. मजुरी दिल्यावर जी शिल्लक राहील, ती पहिल्या वर्षी वाटायचीच नाही; पुढच्या पोत्यासाठी आणि दाण्याचा भाव चढला तर तोंडमिळवणीसाठी ती लागते. एखादी गट सोडून गेली तर तिची बचत तिला परत द्यायची, धंद्यातल्या शिल्लकीचा हिस्सा मात्र वर्षाच्या शेवटीच काढायचा. खरेदीला दर वेळी दोघींनी जायचे, पावती आणायची आणि दर तीन महिन्यांनी जोडी बदलायची. यातल्या कशातही कोणावर अविश्वास नाही; एकीच्याच हातात खरेदी राहिली तर ती आजारी पडल्यावर धंदाही पडतो.

एका सदस्याने विचारले, नवऱ्याने किंवा सासूने कामाला सोडले नाही तर? बाईंनी त्यावर भाषण दिले नाही. घाणा कोणत्या दिवशी घालायचा ते पंधरा दिवस आधी ठरवा, आणि लग्नसराई, काढणी, घरचे सण पाहून ठरवा, एवढेच त्या म्हणाल्या. तारीख आधी कळली की घरातली कामे मागे-पुढे करता येतात. अचानक बोलावणे आले की भांडण होते. सगळ्या घरांत एवढ्याने भागणार नाही हे उघड आहे, आणि म्हणूनच एका घाण्याला अकरापैकी सहा जणी आल्या तरी काम उरकेल असे मोजमाप त्यांनी आधीच धरले होते. वीस तासांचे काम सहा जणींत वाटले तर प्रत्येकीला साडेतीन तासांहून कमीच येते.

निर्णय त्याच बैठकीत घ्यायचा नाही, असे बाईंनी बजावले. चार आठवडी बाजार, चार घाणे, प्रत्येकी दहा किलोचे. पहिले दोन ८० रुपये भावाने, पुढचे दोन ९० ने. प्रत्येक बाजारानंतर वहीत पाच गोष्टी लिहायच्या: किती पुडे नेले, किती विकले, किती उधारीवर गेले, किती परत आले आणि एकूण किती तास लागले. दुसऱ्यांदा येऊन मागणारे गिऱ्हाईक किती, याची खूण वेगळी करायची, कारण पहिल्या बाजारात ओळखीपाळखीचे लोक घेतातच आणि त्या विक्रीवरून काही कळत नाही. ९० च्या भावाने तिसऱ्या-चौथ्या बाजारात ४२ पैकी ३५ पुड्यांच्या वर विकले गेले, तर चटणी धरायची. पंचवीसच्या आत राहिले तर थांबायचे आणि उरलेल्या पैशांतून चौघी-पाच जणींनी कडक भाकरीचा तसाच प्रयोग करून पाहायचा. मधले काही झाले, तर आधी भाव, मग पुड्याचा आकार तपासायचा. ९० रुपयांचा पाव किलो न घेणारे गिऱ्हाईक ३८ रुपयांचा शंभर ग्रॅमचा पुडा घेते का, हे पाहायचे. लहान पुड्याला पिशवी, लेबल आणि भरण्याची मजुरी तितकीच लागते, म्हणून तो किलोमागे थोडा महागच ठेवावा लागतो.